रत्नागिरीचे ११२२ आणि बीडचे ९१६: जनगणनेच्या तीन निर्देशकांवरून जिल्ह्यांची तुलना

प्रश्न: २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, बीडमध्ये ९१६. साक्षरता अनुक्रमे ८२.१८ आणि ७६.९९ टक्के, घनता १९७ आणि २४२. या आकड्यांवरून रत्नागिरीत स्त्रियांचे स्थान चांगले आणि बीड मागासलेला, असे विद्यार्थ्यांना सांगितले तर चालेल का? तुलना करण्याची योग्य रीत कोणती?

उत्तर:

निष्कर्षाचा अर्धा भाग योगायोगाने खरा ठरतो, पण तो ११२२ आणि ९१६ या आकड्यांवरून निघत नाही. रत्नागिरीतल्या ११२२ या आकड्यात स्त्रियांच्या स्थानाविषयी जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. पुरुष कोठे आहेत, एवढेच त्यातून कळते. बीडविषयी चिंता वाटावी असा आकडाही ९१६ नसून दुसराच आहे आणि तो आपल्या प्रश्नात आलेला नाही. म्हणून आधी लिंग गुणोत्तर सविस्तर पाहू आणि मग साक्षरता व घनतेकडे वळू.

हे तिन्ही निर्देशक म्हणजे साधे भागाकार आहेत. लिंग गुणोत्तरात स्त्रियांच्या संख्येला पुरुषांच्या संख्येने भागून हजाराने गुणतात, साक्षरता दरात साक्षरांच्या संख्येला सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येने भागून शंभराने गुणतात आणि घनतेत लोकसंख्येला चौरस किलोमीटरमधील क्षेत्रफळाने भागतात. दोन प्रदेशांची तुलना करताना होणाऱ्या बहुतेक चुका अंशापेक्षा छेदात दडलेल्या असतात. छेदात कोण मोजले गेले, कोणत्या दिवसांत मोजले गेले आणि कोण बाहेर राहिले, हे पाहिल्याशिवाय दोन भागाकार शेजारी ठेवू नयेत.

रत्नागिरीचा भागाकार उघडून पाहू. २०११ मध्ये जिल्ह्यात ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया मोजल्या गेल्या. पुरुषांपेक्षा स्त्रिया ९२,८२७ ने जास्त. आता मुंबई उपनगर जिल्हा पाहा: पुरुष ५०,३१,३२३, स्त्रिया ४३,२५,६३९, म्हणजे पुरुष सात लाखांहून अधिक जास्त आणि गुणोत्तर ८६०. मुंबई शहर जिल्ह्यात तर ते ८३२ इतकेच. कोकणातला चाकरमानी गिरणीच्या काळापासून मुंबईला जात आला आहे आणि घर, शेती व म्हातारी माणसे सांभाळत बायको गावी राहत आली आहे. तो जेथे मोजला जातो तेथला छेद वाढतो आणि जेथून गेला तेथला घटतो. एकाच स्थलांतरामुळे एका ठिकाणी ११२२ आणि दुसऱ्या ठिकाणी ८६० दिसू शकतात. मुंबईत येणारे अर्थातच कोकणातलेच नाहीत, देशावरून, विदर्भ-मराठवाड्यातून आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले पुरुषही त्या सात लाखांत आहेत. म्हणून रत्नागिरी आणि मुंबई यांची वजाबाकी करून हिशेब जुळवण्याचा प्रयत्न मात्र करू नये.

येथे जनगणनेच्या तारखा महत्त्वाच्या ठरतात. २०११ ची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली आणि १ मार्चच्या मध्यरात्रीची स्थिती प्रमाण मानली गेली. जी व्यक्ती एरवी गावी राहते आणि गणनेच्या त्या काळात काही दिवस तरी गावी होती, तिची नोंद गावी होते. जी संपूर्ण काळ बाहेर होती, ती जेथे सापडेल तेथे मोजली जाते. चाकरमानी गावी येतो तो गणपतीला आणि शिमग्याला. २०११ ची होळी १९ मार्चला होती, म्हणजे प्रगणक येऊन गेल्यानंतर. त्यामुळे घर गावी, रेशनकार्ड गावी आणि मन गावी असलेला हा पुरुष जनगणनेच्या दृष्टीने पूर्णपणे मुंबईकर ठरला.

हा निष्कर्ष तर्कावर सोडायचा नसेल, तर बाल लिंग गुणोत्तर, म्हणजे शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे पाहावे. लहान मुले एकटी नोकरीसाठी गाव सोडत नाहीत, त्यामुळे या वयोगटात एकट्या पुरुषांच्या स्थलांतराचा परिणाम जवळजवळ गळून पडतो. रत्नागिरीत हे गुणोत्तर ९३६ आहे. म्हणजे ११२२ चा जिल्हा लहान मुलांमध्ये हजाराच्याही खाली आहे. विद्यार्थ्यांना याचे आश्चर्य वाटते, पण मूळ गैरसमज हजार हा आकडा ‘समान’ म्हणून डोक्यात बसल्यामुळे होतो. जगभर नैसर्गिकरीत्या साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. म्हणून बाल लिंग गुणोत्तराची तुलना हजाराशी न करता ९५० च्या आसपासच्या पातळीशी करावी. या मापाने रत्नागिरीचे ९३६ किंचित कमी आहे, उत्तम म्हणावे असे नाही, पण धोक्याचेही नाही.

आता बीड. एकूण गुणोत्तर ९१६, पण बाल लिंग गुणोत्तर ८०७. राज्याची सरासरी ८९४ असताना बीड राज्यातील सर्वांत खालच्या स्थानी होता आणि त्याच जिल्ह्याचे २००१ मधले बाल लिंग गुणोत्तर ८९४ होते. दहा वर्षांत ८७ ची घसरण झाली. निसर्गतः अपेक्षित ९५० शी ताडून पाहिले, तर दर हजार मुलग्यांमागे सुमारे १४३ मुली कमी आहेत. येथे गर्भलिंग तपासणी आणि गर्भपात यांचा विचार करावाच लागतो. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८ मध्ये स्वतःचा कायदा केला होता आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, हे लक्षात घेता ही घसरण कायदे अस्तित्वात असताना झालेली आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीरपणे तपासण्यासारखा आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या कोयत्याच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या गाळप हंगाम संपल्यावर परततात. गणनेचा फेब्रुवारी नेमका हंगामात येतो. या जोड्या संपूर्ण काळ फडावर असतील, तर त्या आणि त्यांच्याबरोबरची लहान मुले बीडमध्ये मोजली जात नाहीत. मग ८०७ हा आकडा या स्थलांतराचा परिणाम नसेल कशावरून? दोन गोष्टींवरून. पहिली अशी की येथे नवरा-बायको दोघे जातात, म्हणून अंश आणि छेद दोन्ही घटतात. गुणोत्तर बिघडण्यासाठी आईबापांनी लहान मुली बरोबर नेल्या आणि लहान मुलगे मागे ठेवले असे मोठ्या प्रमाणावर घडावे लागेल. दुसरी अधिक निर्णायक. २००१ ची गणनाही फेब्रुवारीतच झाली होती आणि ऊसतोड तेव्हाही होती, तरी आकडा ८९४ होता. जे कारण दोन्ही वेळा सारखेच हजर होते, त्याने दोन वेळांमधला फरक समजावता येत नाही. मात्र बीडची एकूण लोकसंख्या आणि तिच्यावरून काढलेली घनता पावसाळ्यातल्या बीडपेक्षा कमी दिसत असणार, हे मान्य करायला हवे.

म्हणून लिंग गुणोत्तर वाचताना मी एकूण आणि बाल हे दोन आकडे नेहमी जोडीने मांडतो आणि त्यांच्यातील अंतर पाहतो. एकूण आकडा बाल आकड्यापेक्षा खूप वर असेल (रत्नागिरीत १८६ ने), तर पुरुष बाहेर गेले आहेत अशी दाट शक्यता असते. त्यात स्त्रियांच्या अधिक आयुर्मानाचाही वाटा असतो, विशेषतः जेथे वृद्धांचे प्रमाण जास्त आहे तेथे. एकूण आकडा बाल आकड्यापेक्षा खाली असेल, तर पुरुष बाहेरून आले आहेत. दोन्ही मुंबई जिल्ह्यांत लहान मुलांमधले गुणोत्तर ९१४ च्या आसपास असूनही एकूण ८३२ आणि ८६० आहे, ते यामुळेच. बीडमध्येही एकूण आकडा बाल आकड्याहून १०९ ने वर आहे, पण तेथे त्याचा अर्थ वेगळा लावावा लागतो, कारण एवढे अंतर पडण्याचे मुख्य कारण वरच्या आकड्याची उंची नसून खालच्या आकड्याची घसरण आहे: आधीच्या पिढ्या इतक्या असमतोलात जन्मल्या नव्हत्या. तेव्हा अंतरावरून लगेच निकाल देऊ नये. अंतर पाहून प्रश्न ठरवावा आणि त्याचे उत्तर वयोगटवार तक्त्यांत शोधावे. जनगणनेच्या C-13 तक्त्यात एकेका वर्षाच्या वयानुसार स्त्री-पुरुष संख्या मिळते आणि D मालिकेत स्थलांतराची माहिती मिळते. वीस ते चाळीस या वयात पुरुषांची खोट पडलेली दिसली, की स्थलांतराविषयीची शंका उरत नाही.

लहान प्रदेशांविषयी एक इशारा येथेच देतो. जिल्ह्यासाठी चालणारी ही रीत गावासाठी चालत नाही. एखाद्या गावात सहा वर्षांखालील ४० मुलगे आणि ३० मुली असतील, तर गुणोत्तर ७५० येते आणि वर्तमानपत्रात त्या गावाचे नाव छापून येते. परंतु ७० मुलांच्या गटात नैसर्गिक प्रमाणानुसार सुमारे ३४ मुली अपेक्षित असतात आणि केवळ योगायोगाने त्यात चारेक मुलींचा फरक सहज पडतो. शेजारच्या गावात नेमके उलटे, ३० मुलगे आणि ४० मुली निघतील आणि तेथे १३३३ असा आकडा येईल. वीस हजार मुलांच्या तालुक्यातसुद्धा ९२४ ते ९७७ इतका पट्टा निव्वळ योगायोगाच्या कक्षेत येतो. म्हणून तालुक्यांची ९४० आणि ९५५ अशी क्रमवारी लावणे व्यर्थ आहे, आणि गावांची क्रमवारी लावणे तर अन्यायाचे आहे. बीडचे ८०७ मात्र लाखो मुलांच्या संख्येवर उभे असल्यामुळे योगायोगाच्या कक्षेच्या फार बाहेर आहे.

साक्षरतेकडे वळू. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे सात वर्षे पूर्ण झालेली आणि कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारी व्यक्ती साक्षर. फक्त वाचता येणारी व्यक्ती साक्षर धरली जात नाही. शाळेत गेलेले असणे आवश्यक नाही. आणि सहा वर्षांपर्यंतचे मूल पहिलीच्या वर्गात धडे वाचत असले तरी निरक्षरच धरले जाते. म्हणून छेदातून ही मुले वगळावी लागतात. महाराष्ट्राचे उदाहरण घ्या. एकूण लोकसंख्या ११,२३,७४,३३३, शून्य ते सहा वयाची मुले १,३३,२६,५१७, साक्षर ८,१५,५४,२९०. मुले वजा केली की छेद ९,९०,४७,८१६ उरतो आणि दर ८२.३४ टक्के येतो. मुले वजा करायला विसरलात, तर तोच दर ७२.५७ टक्के येतो. जवळपास दहा टक्क्यांची ही तूट सगळीकडे सारखी नसते. जेथे जन्मदर जास्त आणि मुलांचे प्रमाण मोठे, तेथे ती जास्त पडते, त्यामुळे चुकीचा छेद गरीब प्रदेशांना आहे त्याहून अधिक निरक्षर दाखवतो.

जे विद्यार्थी जनगणनेच्या संकेतस्थळावरून प्राथमिक जनगणना साराची फाइल उतरवून स्वतः आकडेमोड करतात, त्यांच्यासाठी स्तंभांची नावे आणि सूत्रे अशी:

```
साक्षरता दर        = P_LIT / (TOT_P - P_06) * 100
लिंग गुणोत्तर       = TOT_F / TOT_M * 1000
बाल लिंग गुणोत्तर   = F_06 / M_06 * 1000
```

या फाइलमध्ये दोन सापळे आहेत. `P_ILL` या निरक्षरांच्या स्तंभात सहा वर्षांपर्यंतची मुलेही आहेत, त्यामुळे त्यावरून निरक्षरतेचा दर काढला की तो फुगतो. आणि `TRU` या स्तंभामुळे प्रत्येक जिल्ह्याच्या तीन ओळी असतात: एकूण, ग्रामीण आणि नागरी. तिन्हींची बेरीज केली, तर राज्याची लोकसंख्या बावीस कोटींच्या वर जाते. गुणोत्तर व दर मात्र अंश आणि छेद दोन्ही दुप्पट झाल्याने बरोबरच येतात, म्हणून ही चूक पुष्कळदा घनता काढेपर्यंत लक्षात येत नाही.

आता रत्नागिरीचे एक कोडे. शिक्षणाची जुनी परंपरा सांगणाऱ्या या जिल्ह्याची साक्षरता ८२.१८, म्हणजे राज्याच्या ८२.३४ पेक्षा किंचित कमीच कशी? उत्तराचा एक भाग वर पाहिलेल्या लिंग गुणोत्तरात आहे. राज्यात २०११ मध्ये पुरुषांची साक्षरता ८८.३८ आणि स्त्रियांची ७५.८७ टक्के होती. दोन जिल्हे कल्पून पाहा, ज्यांत पुरुष आणि स्त्रिया दोघांचीही साक्षरता तंतोतंत राज्याएवढी आहे, पण एकात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत आणि दुसऱ्यात ८३२. पहिल्याचा एकूण दर ८१.७७ येईल आणि दुसऱ्याचा ८२.७०. शिक्षणात काडीचाही फरक नसताना केवळ स्त्री-पुरुषांच्या प्रमाणामुळे जवळजवळ एक टक्क्याचे अंतर पडले. (काटेकोरपणे सात वर्षांवरील वयोगटाचे गुणोत्तर घ्यायला हवे, पण त्याने मुद्दा बदलत नाही.)

वयाचा परिणाम याहून मोठा असतो. मुंबईला जातो तो दहावी-बारावी झालेला तरुण, आणि मागे उरतात त्या ज्यांच्या लहानपणी मुलींना शाळेत पाठवण्याची रीत नव्हती अशा आज्या. साक्षर माणूस गेला की त्याची साक्षरता मुंबईच्या खात्यात जमा होते, जरी ती रत्नागिरीतल्या शाळेत कमावलेली असली तरी. म्हणून शाळा कशा चालल्या आहेत हे विचारायचे असेल, तर एकूण दर हे चुकीचे साधन आहे. त्यासाठी C-8 तक्त्यातून तरुण वयोगट, मी सहसा १५ ते २४ घेतो, मुलगे आणि मुली वेगवेगळे काढून तुलना करावी. त्या वयोगटातील साक्षरता ही अलीकडच्या पंधरावीस वर्षांतल्या शाळांविषयी सांगते. एकूण दर सत्तर वर्षांच्या इतिहासाची गोळाबेरीज असते. दोन प्रदेशांचा एकूण दरच तुलनेला घ्यायचा असेल, तर दोघांनाही एकच वयरचना, उदाहरणार्थ राज्याची, लावावी: प्रत्येक वयोगटातील त्या जिल्ह्याचा साक्षरता दर घ्यायचा, त्याला राज्याच्या लोकसंख्येतील त्या वयोगटाच्या वाट्याने गुणायचे आणि बेरीज करायची. वेळ लागतो, पण उरलेला फरक खरोखर साक्षरतेचा असतो.

बीडच्या ७६.९९ लाही हीच कसोटी लावावी, मात्र तेथे फार मोठा बदल होईल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण बीडमध्ये एकट्या पुरुषांचे बहिर्गमन रत्नागिरीसारखे नाही. तेथे कमी दराचे कारण पुरुष व स्त्री यांच्या दरांमधील अंतरात आणि फडावर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या मोडणाऱ्या शाळेत शोधावे लागते.

काळानुसार तुलना करताना ‘टक्के’ हा शब्द जपून वापरावा. महाराष्ट्राची साक्षरता २००१ मधील ७६.८८ वरून २०११ मध्ये ८२.३४ झाली. ही वाढ ५.४६ टक्केबिंदूंची आहे. मूळ दराच्या प्रमाणात पाहिले तर ती ७.१ टक्के आहे. आणि निरक्षरांचे प्रमाण २३.१२ वरून १७.६६ झाले, म्हणजे ते २३.६ टक्क्यांनी घटले. तिन्ही विधाने बरोबर आहेत. मी तिसऱ्याला अधिक महत्त्व देतो, कारण नव्वदच्या जवळ पोचलेल्या जिल्ह्याला पाच बिंदू वाढणे आणि नंदुरबारसारख्या ६४.३८ टक्क्यांच्या जिल्ह्याला पाच बिंदू वाढणे या सारख्या कष्टाच्या गोष्टी नाहीत. १९९१ च्या आधीच्या जनगणनांशी तुलना करायची झाली, तर त्या वेळी सात वर्षांची मर्यादा नव्हती, हे आधी पाहावे.

घनतेविषयी थोडक्यात, कारण तिचे गणित सोपे आहे आणि तिच्याकडून अपेक्षा मात्र अवाजवी ठेवल्या जातात. रत्नागिरीच्या ८,२०८ चौरस किलोमीटरमध्ये १६,१५,०६९ माणसे, म्हणून १९७. राज्याची घनता ३६५ आहे म्हणून रत्नागिरी ‘विरळ’ आणि २४२ चा बीडही ‘विरळ’, असे लिहिले जाते. पण राज्याच्या सरासरीतून मुंबईचे दोन जिल्हे, म्हणजे अवघे ६०३ चौरस किलोमीटर वगळले, तर ती ३२५ वर येते. २०११ चा अविभाजित ठाणे जिल्हाही वगळला, तर २९९ वर. तुलनेचा मापदंडच तीन जिल्ह्यांनी उचललेला आहे. शिवाय रत्नागिरीतला कातळसडा माणूस वसवत नाही, वस्ती खाडीकाठी आणि खोऱ्यांत दाटलेली असते, त्यामुळे तेथल्या माणसाला जाणवणारी दाटी १९७ मध्ये उतरत नाही. जमिनीवरचा ताण पाहायचा असेल, तर लागवडीखालील क्षेत्राने भागावे, आणि तो आकडा जनगणनेपेक्षा कृषी विभागाच्या आकडेवारीत शोधावा. घनतेतून काही शिकायचे असेल, तर एकाच जिल्ह्याच्या दोन जनगणनांमधला बदल अधिक बोलका असतो: रत्नागिरीत २००१ मध्ये १६,९६,७७७ माणसे होती, घनता २०७ होती, ती १९७ झाली. राज्याची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढत असताना हा जिल्हा ८१,७०८ माणसांनी घटला. वर लिंग गुणोत्तराने जे सुचवले, त्याला हा आकडा दुजोरा देतो.

जिल्ह्यांचे आकडे एकत्र करताना दरांची आणि गुणोत्तरांची सरळ सरासरी कधीही काढू नये. गडचिरोलीची घनता ७४, मुंबई उपनगराची २०,९८०. सरळ सरासरी १०,५२७ येते. प्रत्यक्षात दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या १,०४,२९,९०४ आणि क्षेत्र १४,८५८ चौरस किलोमीटर असल्याने संयुक्त घनता ७०२ आहे. रत्नागिरी आणि उपनगर यांच्या ११२२ आणि ८६० ची सरासरी ९९१, पण स्त्रियांची आणि पुरुषांची वेगवेगळी बेरीज करून भागले तर ८९४. विभागवार तक्ते तयार करणाऱ्या पुस्तकांत ही चूक सर्रास आढळते. कोकण विभागाचे गुणोत्तर सहा जिल्ह्यांच्या सरासरीने काढलेले असेल, तर तो तक्ता बाजूला ठेवावा.

आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या मार्गदर्शक पुस्तकांविषयीही बोलणे भाग आहे. २०११ च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे त्याच वर्षी मार्चअखेरपासून आले आणि अंतिम आकडे नंतर आले. महाराष्ट्राचे लिंग गुणोत्तर तात्पुरत्या आकड्यांत ९२५ होते, अंतिम आकड्यांत ९२९, बाल लिंग गुणोत्तर ८८३ चे ८९४ झाले, साक्षरता ८२.९१ ची ८२.३४ झाली. एका पानावर तात्पुरता आणि दुसऱ्या पानावर अंतिम आकडा घेतलेला असेल, तर काही जिल्ह्यांचा क्रम उगाच बदलतो. कोणते पुस्तक कोणते आकडे वापरते, हे ओळखण्यासाठी राज्याचे बाल लिंग गुणोत्तर पाहावे: ८८३ असेल तर तात्पुरते. याचप्रमाणे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ चा १०२० हा देशाचा आकडा जनगणनेच्या ९४३ शेजारी ठेवून ‘स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली’ असे म्हणू नये. ते नमुना सर्वेक्षण आहे, घरोघरी त्या रात्री हजर असलेल्यांची गणना करते, आणि वसतिगृहे, बराकी व तत्सम ठिकाणी राहणारे, ज्यांत पुरुष अधिक, त्यात येत नाहीत. त्याच सर्वेक्षणात आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचे गुणोत्तर ९२९ होते.

तेव्हा वर्गात हे दोन जिल्हे असे मांडता येतील. रत्नागिरी हा तरुण पुरुषांचे दीर्घकाळ बहिर्गमन होत आलेला, लोकसंख्या घटत असलेला जिल्हा आहे; त्याचे ११२२ आणि घसरती घनता ही त्या एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत आणि साक्षरता वय व लिंगरचनेमुळे आहे त्यापेक्षा कमी दिसते. बीडमध्ये २००१ ते २०११ या काळात मुलींच्या जन्माबाबत गंभीर असमतोल निर्माण झाला, तो ८०७ मध्ये दिसतो, ९१६ मध्ये दिसत नाही. आणि तेथल्या हंगामी स्थलांतरामुळे फेब्रुवारीतली लोकसंख्या कमी मोजली जाते. स्त्रियांच्या स्थानाविषयी बोलायचे असेल, तर दोन्हीकडे स्त्री साक्षरता, मुलींच्या विवाहाचे वय आणि कामातील सहभाग यांचे तक्ते काढावे लागतील.

पुढच्या जनगणनेची तुलना करण्याची तयारी आतापासून ठेवावी. जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र प्रमाण धरली जाणार आहे, म्हणजे फेब्रुवारीतला ऊसतोडीचा हंगाम पुन्हा गणनेत सापडेल. ठाणे जिल्ह्याचे २०११ मधले ९,५५८ चौरस किलोमीटर आणि ११५७ ही घनता आताच्या ठाण्याशी जुळणार नाही, कारण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि जव्हार, मोखाड्यासारखे विरळ तालुके त्याच्याकडे गेले. नव्या जनगणनेत ठाण्याची घनता एकदम उसळलेली दिसेल. एकतर दोन्ही जिल्ह्यांच्या नव्या आकड्यांची बेरीज करून २०११ च्या ठाण्याशी ताडावी, नाहीतर २०११ च्या तालुकावार आकड्यांतून आजच्या सीमांचे ठाणे आणि पालघर उभे करून मग तुलना करावी. मी दुसरी रीत पत्करतो, कारण पुढच्या प्रत्येक तक्त्यात तीच उपयोगी पडते.